ओढ्याच्या कडेची पांढरी शीर: गारेची की कॅल्साइटची?

ओढाकाठ

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका ओढ्याच्या कापात काळवत्री दगड उघडा पडलाय. त्यात पांढरी शीर आहे. सर्वात रुंद जागी चार सेंटिमीटर भरते, लांबी सहा मीटर दिसते आणि मग मुरमात नाहीशी होते. वरून अ‍ॅसिड टाकलं तर फसफस झाली, म्हणून मी वहीत कॅल्साइट लिहून मोकळा झालो. नंतर चाकूचं टोक ओढलं तर चाकू घसरला, चरा पडलाच नाही. म्हणजे अ‍ॅसिड म्हणतंय कॅल्साइट आणि चाकू म्हणतोय गार, म्हणजे क्वार्ट्झ. दोघांतला खोटा कोण? सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको, जागेवर उभं राहून कसं ठरवायचं ते सांगा.

बार्शीवाला

ठरवायचं काय त्यात? फसफसलं की कॅल्साइट. गार जन्मात फसफसत नाही. तुमच्या चाकूला धार नसेल, दुसरं काय.

पायरीचादगड

बार्शीवाल्यांशी सहमत नाही. गार फसफसत नाही हे खरं, पण फसफस झाली ती त्या शिरेतून झाली हे कुठे सिद्ध झालं? चाकूला धार असो वा नसो, कॅल्साइटवर बोथट चाकूनेही चरा पडतो. मोहच्या मापावर त्याचं काठिण्य तीन. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास, गार सात. मधलं अंतर इतकं मोठं आहे की इथे धारेचा संबंध येत नाही.

सोन्याचीखाण

ओ काका, पांढरी शीर म्हणजे सोनं असतंय म्हणतात की! रायचूरकडं हट्टीला गारेच्या शिरांतूनच सोनं काढतात. जागा नीट सांगा, आम्ही येतो कुदळ घेऊन 😀

काळवत्री

सोनेवाले भाऊ, कुदळ घरीच ठेवा. हट्टीचा खडक कितीतरी जुना आणि वेगळ्याच जातीचा, तिथल्या शिरा खोल, गरम पाण्याने भरलेल्या. सोलापूरचा दगड हा लाव्ह्याचा बेसाल्ट. इथल्या भेगा नि पोकळ्या लाव्हा थिजल्यानंतर फिरलेल्या पाण्याने भरल्या, त्यात गार, कॅल्साइट आणि झिओलाइट मिळतात. सोनं नाही.

आता ओढाकाठ यांच्या प्रश्नाकडे. अ‍ॅसिडही खोटं बोलत नाहीये आणि चाकूही नाही. अ‍ॅसिड कशावर पडलं, एवढाच प्रश्न आहे. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात पावसाचं पाणी मुरतं, उन्हाने परत वर ओढलं जातं आणि सोबत आणलेला चुना दगडावर सोडून जातं. शेतात खणताना पांढरे खडे लागतात ना, तीच ही चुनखडी. ती उघड्या खडकावर कागदाएवढा पातळ लेप करून बसते, केसाएवढ्या चिरांत शिरते आणि गारेवरही बसते. आपण वरून थेंब टाकतो तेव्हा उत्तर देतो तो हा लेप. खालच्या शिरेला आपण काही विचारलेलंच नसतं.

म्हणून आधी मला एवढंच सांगा: शेजारच्या काळ्या दगडावर थेंब टाकला होता का?

ओढाकाठ

नाही टाकला. काळा दगड कशाला फसफसेल?

काळवत्री

तेच तर. ताज्या बेसाल्टने फसफसायचं काही कारण नाही. तो फसफसला तर समजायचं की लेप सगळीकडे आहे आणि वरवरच्या थेंबाची साक्ष ग्राह्य धरायची नाही. प्रत्येक वेळी पहिला थेंब शिरेवर नाही, शेजारच्या दगडावर टाकायचा.

त्याच्याही आधी एक साधा पाण्याचा थेंब टाका. मे महिन्यात तापलेला, छिद्रांचा कोरडा दगड पाणी आत ओढतो आणि आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. चार-दोन बुडबुडे येऊन थांबतात, घाईत ते फसफस वाटतात. खरी फसफस पाण्याने होत नाही आणि अ‍ॅसिडने एका जागी सलग चालू राहते.

उंबरठा_सोलापूर

मी काय म्हणते, आमच्या स्वयंपाकघरात नवीन ओटा बसवलाय. दुकानदार क्वार्ट्झ म्हणाला. त्यावर लिंबाच्या रसाचा पुसट डाग पडलाय, जातच नाही. मग तो क्वार्ट्झ की कॅल्साइट? इथेच विचारते, धागा जवळचा वाटला.

पायरीचादगड

ताई, धागा ओढ्याचा आहे, पण प्रश्न सख्ख्या चुलत्याचा आहे. लिंबाने चकाकी जाऊन खडबडीत मंद डाग राहिला असेल तर तो दगड चुन्याच्या जातीचा, बहुधा संगमरवर. गारेवर लिंबाचा काही परिणाम होत नाही. मात्र बाजारातल्या क्वार्ट्झच्या ओट्यात गारेच्या चुऱ्याला रेझिनने जोडलेलं असतं, त्यामुळे डाग रेझिनचाही असू शकतो. ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर चाकूचं टोक ओढून बघा. पांढरी पूड निघून खाच पडली तर दुकानदाराला फोन लावा.

उंबरठा_सोलापूर

खाच पडली. फोन लावते.

बार्शीवाला

😂 ताईंचा निकाल लागला, ओढ्याचा बाकी आहे.

बरं, लेपाचं पटलं. पण मग सोपी खूण सांगतो. शीर दगडाच्या वर उठून आलेली असेल तर गार, आत खचलेली असेल तर कॅल्साइट. पावसाचं पाणी कॅल्साइट विरघळवतं, गारेला काही करत नाही. लांबूनच ओळखता येतं, अ‍ॅसिड कशाला हवं.

काळवत्री

अर्धं बरोबर. ही खूण शहाबादच्या बाजूला चांगली चालते. तिथे भोवतालचा दगड स्वतःच चुन्याचा, तो आणि कॅल्साइटची शीर साधारण सारख्या वेगाने झिजतात, शीर दगडाच्या पातळीतच राहते. गारेचा थर किंवा गाठ असली तर ती पुढे आलेली दिसते, हात फिरवला तरी लागते.

बेसाल्टात हिशेब बदलतो. इथे भोवतालचा दगडच कुजून मुरूम होतो. मुरूम गळून पडला की कॅल्साइटची शीरसुद्धा भिंतीसारखी पुढे उभी राहते, कारण मुरमापेक्षा ती घट्ट असते. उलट घट्ट, न कुजलेल्या काळवत्रीत कॅल्साइटच्या जागी खाच दिसते. म्हणजे शीर वर की आत, हे बघताना भोवतालचा दगड किती कुजलाय हे आधी बघावं लागतं. ओढाकाठ यांची शीर पुढे जाऊन मुरमात नाहीशी होते म्हणतात, तर त्यांच्याकडे एकाच शिरेवर दोन्ही प्रकार दिसतील. या खुणेवर नाव ठरवू नका, फार तर कुठे हातोडी मारायची ते ठरवा.

मुरूम_खडी

विहिरी खोदणाऱ्या लोकांना विचारा, लै लवकर सांगतात. छिन्नी लावली की गारगोटीवर टण् आवाज येतो, ठिणगी उडते, छिन्नी बोथटते. कॅल्साइट सपाट फुटतो, चौकोनी तिरके तुकडे पडतात, ते खडीसाखरेसारखे दिसतात. बोअरच्या गाळात पण बघायचं असेल तर चुरा धुवून उन्हात धरायचा. सपाट चमकणारे तुकडे कॅल्साइट, कोपरे धारदार नि बाटलीच्या काचेसारखे असतील तर गार.

पायरीचादगड

खडी, हे फार उपयोगाचं सांगितलंत. ठिणगीत एक गोष्ट लक्षात ठेवायची की जळते ती छिन्नीच्या पोलादाची कीस, गार नाही. तरी खूण खरीच, कारण पोलाद खरवडायला त्याहून कठीण दगड लागतो. फक्त घट्ट बेसाल्टवर जोरात मारलं तरी कधी ठिणगी पडते, म्हणून घाव शिरेवरच बसला हे पाहून घ्या.

चमकेबद्दल थोडं वाढवतो. ताजा तुकडा हातात धरून उन्हात हळू फिरवा. एका ठरावीक कोनाला पूर्ण चेहरा आरशासारखा एकदम पेटतो आणि थोडं फिरवलं की एकदम विझतो. हा कॅल्साइट. तो तीन दिशांनी सपाट फुटतो आणि त्या दिशांचे आपसातले कोन काटकोन नसतात, 75 आणि 105 अंशांचे असतात. म्हणून तुकडे कललेल्या पेटीसारखे दिसतात. गारेला असं पेटणं नाही. तिच्यावर तेलकट किंवा काचेसारखी सतत चमक असते आणि फुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात.

शिरेत पोकळी असेल आणि तिच्यात स्फटिक असतील तर काम फारच सोपं. सहा बाजूंचा खांब, वर टोपी आणि खांबाच्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा, म्हणजे गार. कुत्र्याच्या दातासारखे टोकदार स्फटिक असतील तर कॅल्साइट.

सीमोल्लंघन

चाकूच्या चाचणीवर कोणी फार बोललं नाही. मला वाटतं चुका तिथेच जास्त होतात. नवखे चाकू ओढतात, दगडावर रेघ दिसते, म्हणतात चरा पडला. पण गारेवरही रेघ उमटते! ती चाकूच्या पोलादाची असते, पेन्सिलने लिहिल्यासारखी करडी, चमकदार. बोट ओलं करून घासा. रेघ पुसली गेली किंवा नखाला खाच लागलीच नाही तर दगड चाकूपेक्षा कठीण. कॅल्साइटवर पांढरी पूड उडते, ती पुसल्यावर खाली खाच राहते आणि नख तिच्यात अडकतं.

आणि एक. नाण्याने चाचणी करा असं जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं. ते तांब्याच्या नाण्याचं होतं. आताची बरीचशी नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांनी काही निवाडा होत नाही. विजेच्या तारेतलं उघडं तांबं वापरता येईल, पण ते काठिण्याने कॅल्साइटच्या इतकं जवळ आहे की चरा पडला की नाही यावरच वाद होतील. चाकू बरा.

बार्शीवाला

पण कुजलेली गार चाकूने खरवडली जाते, मी बघितलंय. पावडर पडते. तिचं काय?

सीमोल्लंघन

बरोबर पकडलंत. बारीक दाण्यांची गार उन्हापावसाने दाण्यादाण्यात सुटते. चाकू दाणे उपटतो, दाणा चिरत नाही. पूड कोणती हे बघायला काचेचा तुकडा घ्या, फुटलेल्या बाटलीचा चालेल. पूड काचेवर ठेवून चाकूच्या पात्याने दाबून फिरवा. गारेची पूड कचकच करते आणि काचेवर चरे पाडते. कॅल्साइटची पूड पिठासारखी पसरते, काच जशीच्या तशी. बोटांत चोळून बघितलं तरी फरक कळतो.

ओढाकाठ

उद्या सकाळी जातो. कुठून सुरुवात करू आणि काय काय नेऊ? अ‍ॅसिड किती तीव्र हवं? मी संडास धुवायचं अ‍ॅसिड बाटलीतून तसंच नेलं होतं.

काळवत्री

तसंच नेऊ नका. ते दुकानातलं अ‍ॅसिड तीस टक्क्यांच्या आसपास असतं, वाफा निघतात, हात भाजतो, आणि फसफस इतकी जोरात होते की कुठून निघतेय तेच दिसत नाही. दहा टक्के पुरेसं. अंदाजे 20 मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यात 10 मिलिलिटर अ‍ॅसिड हळूहळू ओता. पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही. थेंबनळीच्या प्लास्टिक बाटलीत भरा आणि वर चिठ्ठी लावा. डोळ्यांना चष्मा, हातोडी मारतानाही आणि थेंब टाकतानाही.

बॅटरीचं अ‍ॅसिड चालणार नाही. ते गंधकाचं, कॅल्साइटवर पडलं की जिप्समचा थर बसतो आणि फसफस मध्येच गुदमरते. अ‍ॅसिड मिळालंच नाही तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, पण थेट तुकड्यावर नाही. आधी चाकूने पूड काढा, पुडीवर थेंब टाका आणि भिंगातून बघा, मंद बुडबुडे येतील.

जागेवर असं करा. शिरेचा आणि शेजारच्या दगडाचा एकत्र तुकडा फोडा, वरच्या चेहऱ्यापासून निदान दोन-तीन सेंटिमीटर आतला. ताजा चेहरा बाटलीतल्या पाण्याने धुवा, बोटाने घासून. पाणी निथळू द्या. मग तीन थेंब: एक शेजारच्या काळ्या दगडावर, एक शिरेच्या काठाजवळ, एक शिरेच्या मधोमध. तिन्ही एकाच वेळी नको, एकेक टाका आणि दहापट भिंगातून बघा. बुडबुडे पूर्ण ओल्या डागातून येतात की एखाद्या रेषेतूनच, याकडे नीट बघा. रेषेतून येत असतील तर चिरेतली चुनखडी बोलतेय. पूर्ण डागातून येत असतील तर शीर स्वतः बोलतेय. अ‍ॅसिडनंतर तुकडा परत धुवा, नाहीतर चाकू गंजतो आणि पिशवीतल्या चिठ्ठ्या जळतात.

मुरूम_खडी

आणि काठ नि मध्य वेगळा बघायचं विसरू नका. आमच्याकडे मांजऱ्या दगडातल्या फटी बघा, काठाला राखाडी गारगोटी नि आत पांढरं काहीतरी वेगळंच असतंय.

सोन्याचीखाण

आत सोनं?

मुरूम_खडी

आत तुमची कुदळ.

ओढाकाठ

गेलो आणि आलो. सांगितलं तसंच केलं, निकाल लिहितो.

पाण्याचा थेंब: काळ्या दगडाच्या उघड्या चेहऱ्यावर चार-पाच बुडबुडे आले आणि थांबले. म्हणजे हवा. मग अ‍ॅसिड त्याच चेहऱ्यावर: चांगली फसफस! शीर नाही, काळा दगड फसफसला. हा लेप मी इतके दिवस कॅल्साइट म्हणून लिहीत होतो.

फोडलेला तुकडा धुतल्यावर काळा दगड गप्प, काहीच नाही. शिरेच्या काठाला दोन्ही बाजूंनी साधारण एकेक सेंटिमीटर राखाडी, मेणचट दिसणारा पट्टा आहे. त्यावर थेंब टाकला तर सगळा डाग शांत, फक्त एका केसाएवढ्या चिरेतून बुडबुड्यांची रांग उठली. चाकूने करडी रेघ आली, ओल्या बोटाने पुसली गेली. त्या पट्ट्याच्या कोपऱ्याने बाटलीची काच चिरली.

मधल्या दोन सेंटिमीटरमध्ये मात्र पूर्ण डाग फेसाळला, चाकूने खाच पडली, उन्हात फिरवला तर लकाकतो आणि विझतो. म्हणजे काठ गार आणि मध्य कॅल्साइट. आधी चाकू घसरला तो काठावर ओढला होता म्हणून. दोघंही खरे निघाले.

एक गोष्ट राहिली. काठ आणि मध्य यांच्यामध्ये काही ठिकाणी गुलाबीसर पांढऱ्या पापुद्र्यांची जुडी आहे, मधोमध बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखी. चाकूने खरवडली जाते पण अ‍ॅसिडला हूं की चूं नाही. हे काय?

पायरीचादगड

ही झिओलाइट, वर्णनावरून स्टिलबाइट दिसते. तिच्या सपाट बाजूवर मोत्यासारखी चमक असेल, भिंगातून बघा. आपल्याकडे हिच्यामुळे फार घोळ होतो, कारण लोकांना वाटतं प्रश्न दोघांचाच आहे. चाकूला हरली म्हणून कॅल्साइट लिहितात, किंवा अ‍ॅसिडला गप्प बसली म्हणून गार. दोन्ही चूक. चाकूने चरा पडतो आणि ताज्या, धुतलेल्या तुकड्यावर फसफस नाही, अशी जोडी आली की बेसाल्टात आधी झिओलाइटचा विचार करायचा. म्हणूनच एक चाचणी कधीच पुरत नाही, चाकू आणि अ‍ॅसिड एकाच ठिपक्यावर लावायचे.

बार्शीवाला

मान्य. फसफसलं की कॅल्साइट हे मी मागे घेतो. "धुतलेल्या ताज्या तुकड्याच्या पूर्ण डागातून फसफसलं की कॅल्साइट" असं लिहितो. लांब झालं पण चालेल.

सीमोल्लंघन

बार्शीवाले, त्यातही एक फट आहे. मधला भाग फसफसला, पण तो मूळ शिरेतला कॅल्साइट कशावरून? शिरेच्या मध्ये आधी पोकळी असेल आणि वरून मुरलेल्या पाण्याने चुनखडी भरली असेल तरी पूर्ण डाग फसफसेल.

ओढाकाठ

आता हे कसं ओळखायचं? लकाकतोय म्हणालो की मी.

सीमोल्लंघन

लकाकतो ते महत्त्वाचं आहेच. चुनखडी खडूसारखी मंद असते, सच्छिद्र, भिंगातून मातीचे कण दिसतात, जिभेला लावली तर चिकटते. मोठ्या दाण्यांचा कॅल्साइट पारदर्शक ते दुधी असतो आणि पूर्ण चेहरा पेटतो. पण तुमच्या सहा मीटरमध्ये सगळीकडे लकाकतोय का? तुम्ही एकच तुकडा फोडलाय.

ओढाकाठ

दोन फोडले. दुसरा मुरमाजवळचा. तिथे मधला भाग खडूसारखाच आहे, लकाकत नाही, पण फसफसतो. काठाचा राखाडी पट्टा तसाच.

काळवत्री

मग तिथे मूळ कॅल्साइट विरघळून गेला असेल आणि त्याच जागी चुनखडी येऊन बसली असेल. किंवा तिथे मुळात कॅल्साइट आलाच नसेल, पोकळीच राहिली असेल. काठाच्या पट्ट्याचा आतला चेहरा बघा. गार कॅल्साइटला टेकून बसली असेल तर तिच्यावर कॅल्साइटच्या तिरक्या स्फटिकांचे साचे, कोनाकोनांचे खळगे उमटलेले सापडतात. तसे साचे मिळाले तर तिथे कॅल्साइट होता आणि गेला. नाही मिळाले तर मात्र होता की नव्हता हे म्हणता येणार नाही, कारण नेहमीप्रमाणे गार आधी बसली असेल तर साचा उमटणारच नाही.

पायरीचादगड

इथे मी काळवत्रींशी थोडा वेगळा आहे. साच्यांची वाट बघण्यापेक्षा दोन्ही तुकड्यांच्या मधल्या दोन-तीन जागा आणखी फोडा. लकाकणारा कॅल्साइट हळूहळू खडूकडे जातो की एकदम बदलतो ते कळेल. हळूहळू जात असेल, लकाकत्या दाण्यांच्या कडा खाल्लेल्या दिसत असतील, तर विरघळणं पटतं.

काळवत्री

दोन्ही करा. ओढा कुठे पळून चाललाय.

कट्ट्यावरचा

सगळं वाचलं. पण वहीत काय लिहायचं? गारेची शीर की कॅल्साइटची? शीर्षकात तर तेच विचारलंय.

सीमोल्लंघन

एकच नाव लिहायचा हट्ट धरायचा नाही. "बेसाल्टातील 4 सेंमी शीर, काठ गार, मध्य कॅल्साइट, मधे तुरळक झिओलाइट, उघड्या चेहऱ्यावर चुनखडीचा लेप" असं लिहावं. नाव जाड भागावरून देतात, पण इथे काठ दोन्ही मिळून दोन सेंटिमीटर आणि मध्यही दोन.

पायरीचादगड

शिवाय तो काठाचा पट्टा राखाडी, मेणचट, दाणे न दिसणारा आहे. म्हणजे स्फटिकी गार नसून कॅल्सेडनी असणार. रसायन तेच, काठिण्यही जवळपास तेच, पण नाव वेगळं लिहायला हवं. गारेची शीर म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रायचूरकडच्या ग्रॅनाइटातली दुधी पांढरी, हातभर जाड शीर येते.

काळवत्री

कॅल्सेडनी लिहायला माझी हरकत नाही, पण भिंगातून दाणे दिसत नाहीत एवढ्यावरून नको. कडेचा पातळ कपचा काढून उजेडासमोर धरा. पट्टे दिसले, उजेड धुकट पार झाला तर लिहा.

ओढाकाठ

कपचा काढला. उजेड पार होतो, पट्टे एका बाजूला दिसतात, दुसऱ्या बाजूला नाही. दुसऱ्या बाजूला टोकाला अगदी बारीक सहा बाजूंचे खांब आहेत, आडव्या रेघांसकट.

पायरीचादगड

म्हणजे भिंतीकडून कॅल्सेडनी आणि आत जाता जाता गार. दोन्ही लिहा.

काळवत्री

आणि खांबांची टोकं मध्याकडे असतील तर गारेनंतर कॅल्साइट भरला. टोकं कुठे आहेत?

ओढाकाठ

मध्याकडे. लकाकणाऱ्या कॅल्साइटच्या आत घुसलेली आहेत. मुरमाकडच्या तुकड्यावर बघितलं तर तिथेही खांब आहेत, पण त्यांच्यावर खडूच बसलाय, साचे कुठेच दिसले नाहीत. रविवारी मधल्या जागा फोडतो आणि इथेच लिहितो.

सोन्याचीखाण

रविवारी मी पण येतो. कुदळ नाही, भिंग आणतो.

उंबरठा_सोलापूर

दुकानदार म्हणतो लिंबू पिळताय कशाला ओट्यावर. तुम्हा लोकांना चाचणीचा फोटो पाठवू का, त्याला दाखवायला दोन ओळी लिहून द्या.

सीमोल्लंघन

ताई, त्याला म्हणावं लिंबू राहू दे, दुकानातल्या नमुन्यावर माझ्यासमोर चाकू ओढून दाखव. नमुन्यावर चरा पडला नाही आणि तुमच्या ओट्यावर पडतोय, तर दोन ओळींचीही गरज नाही.